डंकर्ली, ट्रेस आणि ७२० आरपीएमची मोटर

मॅथ्सच्या पेपरात आयगेन व्हॅल्यूचा प्रश्न आला की आपला हात आपोआप चालू लागतो. A वजा λI लिहायचं, डिटरमिनंट उघडायचा, क्युबिक इक्वेशन मिळालं की १, २, ३ घालून बघायचं आणि फॅक्टर पाडायचे. पेपर सेट करणारे सर दयाळू असतात, त्यामुळे एखादं मूळ १ किंवा २ निघतंच. मशीन मात्र एवढं दयाळू नसतं. तिथे मुळं दशांशात येतात, मॅट्रिक्स कधी ३ बाय ३ असतं तर कधी ३० बाय ३०, आणि फॅक्टर पाडायचा विचारही करवत नाही.

अशा वेळी ट्रेस कामाला येतो. ट्रेस म्हणजे मुख्य कर्णावरच्या आकड्यांची बेरीज, आणि ही बेरीज सगळ्या आयगेन व्हॅल्यूंच्या बेरजेइतकी असते. हे आपण पाठ केलेलं असतं आणि उत्तर ताडून बघायला वापरतोही. पण गोष्ट इथे संपत नाही. मॅट्रिक्सचा वर्ग केला तर त्याचा ट्रेस म्हणजे आयगेन व्हॅल्यूंच्या वर्गांची बेरीज, घन केला तर घनांची बेरीज, आणि असंच पुढे.

tr(Aᵏ) = λ₁ᵏ + λ₂ᵏ + … + λₙᵏ

असं का होतं? AB आणि BA हे गुणाकार वेगळे असले तरी त्यांचे ट्रेस सारखेच असतात. tr(AB) लिहून काढा: पहिल्याच्या ओळी गुणिले दुसऱ्याचे स्तंभ यांची जी बेरीज होते, तीच tr(BA) मध्ये फक्त वेगळ्या क्रमाने येते. त्यामुळे P⁻¹AP चा ट्रेस A च्याच ट्रेसइतका राहतो, कारण P पुढून मागे नेला की P⁻¹ शी कटतो. कोणतंही चौरस मॅट्रिक्स अशा P ने त्रिकोणी करता येतं (कॉम्प्लेक्स आकडे चालत असतील तर). त्या त्रिकोणी मॅट्रिक्सच्या कर्णावर आयगेन व्हॅल्यू बसलेल्या असतात, आणि त्याचा k वा घात केला की कर्णावर त्यांचे k वे घात येतात. झालं सिद्ध.

आता याचा उपयोग बघू. मेकॅनिकलवाल्यांना व्हायब्रेशनमध्ये डंकर्लीचा फॉर्म्युला असतो. स्टॅन्ली डंकर्लीने तो फिरणाऱ्या शाफ्टसाठी १८९४ मध्ये मांडला. सिस्टिममधलं एकेक मास एकटं ठेवून त्याची फ्रिक्वेन्सी काढायची, प्रत्येकीच्या वर्गाचा व्यस्त घ्यायचा आणि सगळ्यांची बेरीज करायची. आलेलं उत्तर म्हणजे सर्वात कमी नॅचरल फ्रिक्वेन्सीच्या वर्गाचा व्यस्त, अंदाजे. बहुतेक जण हा फॉर्म्युला पाठ करून मोकळे होतात. पण ही बेरीज म्हणजे दुसरं तिसरं काही नसून एका मॅट्रिक्सचा ट्रेस आहे.

एक साधी सिस्टिम घ्या. दोन भिंतींच्या मध्ये तीन सारखी मासेस ओळीने, आणि त्यांना जोडणाऱ्या चार सारख्या स्प्रिंग्स. प्रत्येक मास १ किलो आणि प्रत्येक स्प्रिंगचा स्टिफनेस १०,००० न्यूटन प्रति मीटर. एका मासवर एकक बल लावलं तर कोणतं मास किती सरकतं, ते फ्लेक्सिबिलिटी मॅट्रिक्समध्ये असतं. त्याला मासने गुणलं की आपलं D तयार. m/k हा घटक बाहेर काढला तर ते असं दिसतं:

```
        | ३  २  १ |
D = १/४ | २  ४  २ |
        | १  २  ३ |
```

या D च्या आयगेन व्हॅल्यू म्हणजे फ्रिक्वेन्सीच्या वर्गांचे व्यस्त. म्हणून सर्वात मोठी λ सर्वात कमी फ्रिक्वेन्सी देते, आणि आपल्या आकड्यांत ω = १०० / √λ रेडियन प्रति सेकंद. कर्णावर बघा. मधलं मास एकटं ठेवलं तर त्याच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन स्प्रिंग्स सिरीजमध्ये येतात, एकूण स्टिफनेस k होतो आणि व्यस्त येतो १, म्हणजेच ४/४. कडेच्या मासला एका बाजूने k आणि दुसऱ्या बाजूने k/३ मिळतो, म्हणून व्यस्त ३/४. डंकर्लीच्या एकेक टर्म म्हणजे कर्णावरचे हेच आकडे.

तर tr(D) = १०/४ = २.५. सगळ्या λ पॉझिटिव्ह आहेत, म्हणून सर्वात मोठी λ एकूण बेरजेपेक्षा नक्कीच लहान. λ कमी म्हणजे ω जास्त. यावरून डंकर्ली सांगतो की ω किमान ६३.२ रेडियन प्रति सेकंद आहे, म्हणजे ६०४ आरपीएम.

हा अंदाज नेहमी खऱ्यापेक्षा कमी येतो, म्हणून त्याला सेफ म्हणतात. इथेच गोची आहे. मशीन क्रिटिकल स्पीडच्या खाली चालवायचं असेल तर कमी अंदाज खरंच सेफ. पण समजा या मासवर ५० हर्ट्झवर चालणारी आठ पोलची इंडक्शन मोटर बसवली आहे. तिचा सिंक्रोनस स्पीड ७५० आणि थोडी स्लिप धरून ती ७२० आरपीएमने फिरते. (मोटरचं वजन त्या १ किलोतच धरा, गणित सोपं राहू दे.) ६०४ कुठे आणि ७२० कुठे! आपण क्रिटिकलच्या १९ टक्के वर आहोत, ते मागे पडलं, असं वाटून आपण निवांत होणार.

आता वर्गाचा ट्रेस काढू. D सिमेट्रिक आहे, त्यामुळे D² पूर्ण काढायचीही गरज नाही. सगळ्या नऊ आकड्यांच्या वर्गांची बेरीज केली की tr(D²) मिळतो: ५२/१६ = ३.२५. सर्वात मोठ्या λ चा वर्ग याहून कमी, म्हणजे λ ही १.८०३ पेक्षा कमी. यावरून फ्रिक्वेन्सी किमान ७११ आरपीएम. काय झालं बघा, १९ टक्क्यांचं अंतर एका पायरीत ९ आरपीएमवर आलं.

अजून एक पायरी. D² चे आकडे, १/१६ बाहेर काढून, १४, १६, १०. १६, २४, १६. १०, १६, १४ असे येतात. D² सुद्धा सिमेट्रिक, म्हणून पुन्हा तीच युक्ती. यांच्या वर्गांची बेरीज २१९२, आणि tr(D⁴) = २१९२/२५६ = ८.५६२५. चौथं मूळ १.७१०६. आता फ्रिक्वेन्सी किमान ७३० आरपीएम! म्हणजे ७२० ला मोटर क्रिटिकलच्या पुढे नाही, त्याच्या अलीकडे अगदी उंबरठ्यावर उभी आहे. मोटर चालू केली की सगळा सांगाडा थडथडणार.

आता वरची मर्यादाही हवी, नाहीतर "किमान ७३०" म्हणजे ९०० सुद्धा असू शकेल. त्यासाठी tr(D³) लागतो. D आणि D² चे जागच्या जागचे आकडे गुणून बेरीज करायची: ३२८/६४ = ५.१२५. आता tr(D⁴) भागिले tr(D³) केलं तर १.६७०७ येतं. हा भागाकार म्हणजे सगळ्या λ ची सरासरीच, फक्त प्रत्येक λ ला तिच्या घनाचं वजन दिलेलं. सरासरी सर्वात मोठ्या आकड्याच्या वर जाऊ शकत नाही, म्हणून सर्वात मोठी λ किमान १.६७०७ आहे, आणि फ्रिक्वेन्सी फार तर ७३९ आरपीएम. ७३० ते ७३९ या चिमट्यात उत्तर सापडलं, तेही एकही इक्वेशन न सोडवता. खरं उत्तर ७३१ आहे. या उदाहरणात λ नेमक्या काढता येतात: १.७०७, ०.५ आणि ०.२९३. त्यांचे चौथे घात ८.४९, ०.०६ आणि ०.००७. चौथ्या घातापर्यंत धाकट्या दोघींचा आवाजच उरत नाही, म्हणून हे इतक्या लवकर जमतं.

सर्वच आयगेन व्हॅल्यू हव्या असतील तर? पहिल्या n घातांचे ट्रेस घेऊन न्यूटनच्या सूत्रांनी कॅरेक्टरिस्टिक पॉलिनॉमियलचे कोइफिशंट काढता येतात. ल व्हेरिये या फ्रेंच खगोलशास्त्रज्ञाने ग्रहांच्या कक्षांवर काम करताना १८४० मध्ये ही पद्धत दिली. नेपच्यून कुठे असेल ते १८४६ मध्ये गणिताने सांगणारा तोच हा. आपल्या उदाहरणात शेवटचा कोइफिशंट, म्हणजे D चा डिटरमिनंट, असा येतो: (५.१२५ − ८.१२५ + ३.७५) / ३ = ०.२५. उत्तर बरोबर आहे, पण मोठे आकडे एकमेकांत कापले जाऊन लहानसा आकडा उरला, तिकडे लक्ष द्या. ५.१२५ मध्ये फक्त १ टक्का चूक झाली तर उत्तरात ७ टक्के चूक येते. मॅट्रिक्स मोठं झालं की हे भलतंच वाढतं, आणि एवढं करून पॉलिनॉमियल सोडवायचं काम उरतंच. म्हणून मोठ्या मॅट्रिक्सच्या सगळ्या आयगेन व्हॅल्यूंसाठी ट्रेसच्या नादी लागू नये. एकच, सर्वात मोठी हवी असेल तेव्हा तो खरा उपयोगी, कारण तिथे नुसती बेरीज आहे, वजाबाकी नाही.

दोन-तीन ठिकाणी जपून. मासेस वेगवेगळी असतील तर D सिमेट्रिक राहत नाही, आणि आकड्यांचे वर्ग करून बेरीज करायची युक्ती चालत नाही. तिथे प्रत्येक आकडा कर्णाच्या पलीकडच्या जोडीदाराने गुणायचा. दुसरं, आयगेन व्हॅल्यू पॉझिटिव्ह असल्या तरच वरच्या मर्यादा खऱ्या. ९० अंशात फिरवणाऱ्या २ बाय २ मॅट्रिक्सचा ट्रेस ० आणि वर्गाचा ट्रेस −२ असतो, कारण आयगेन व्हॅल्यू i आणि −i आहेत. त्याचं वर्गमूळ घेऊन काय मिळणार? स्प्रिंग आणि मास यांच्या सिस्टिममध्ये ही भीती नसते, फक्त ती कुठेतरी बांधलेली हवी. मोकळी असेल तर फ्लेक्सिबिलिटी मॅट्रिक्सच मिळत नाही.

तिसरं म्हणजे, दोन फ्रिक्वेन्सी अगदी जवळजवळ असतील तर चौथं मूळसुद्धा λ जवळपास १९ टक्के जास्त दाखवू शकतं. हे ओळखायला tr(D²) चा वर्ग भागिले tr(D⁴) करून बघा. आपल्या उदाहरणात १.२३ येतं. १ च्या जवळ आलं तर एकच λ जोरात आहे. २ च्या आसपास आलं तर दोघींची बरोबरीची लढत आहे असं समजा, आणि पुढचे घात घेतल्याशिवाय मूळ काढून आलेल्या आकड्यावर भरवसा ठेवू नका.

तेव्हा प्रोजेक्टमध्ये डंकर्ली वापराल तेव्हा आधी बघा, आपलं मशीन क्रिटिकलच्या खाली चालणार की वर. खाली असेल तर tr(D) पुरे. वर असेल तर tr(D³) आणि tr(D⁴) काढा आणि दोन्ही बाजूंच्या मर्यादा मिळवा. कॅल्क्युलेटरवर फार तर दहा मिनिटांचं काम आहे.