बाजारात आलं, ते नेमकं कधी?

पारले ग्लुको बिस्किट बाजारात कधी आलं? कुठे 1938 छापलेलं दिसतं, कुठे 1939. विलेपार्ल्यातली कंपनी 1929 ची, आणि आधी ती गोळ्या-चॉकलेटं करायची, यावर फारसा वाद नाही. फरक आहे तो बिस्किटाच्या वर्षात. गोंदियात बसून जुन्या विडी कारखान्यांची लेबलं कालक्रमाने लावताना मला हाच प्रश्न सतत पडतो, म्हणून हे उदाहरण मी नीट तपासलं.

पहिली चूक होते ती नावाने शोधण्यात. ‘पारले-जी’ हे नाव 1980 च्या दशकातलं आहे. ट्रेडमार्कच्या नोंदवहीत तेवढंच नाव शोधलं, तर हाती येईल ती तारीख नव्या नावाची असेल, बिस्किटाची नव्हे. त्याआधी ते ‘पारले ग्लुको’ होतं, म्हणजे शोधायला हवा ‘ग्लुको’ हा शब्द आणि वेष्टनाचं चित्र. या दोहोंच्या नोंदी वेगवेगळ्या होत्या. म्हैसूरच्या एका बिस्किट कंपनीविरुद्ध पारलेने केलेल्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने 1972 मध्ये निकाल दिला. बदामी रंगाचं वेष्टन, मधोमध पाण्याची बादली घेतलेली मुलगी, भोवती गाई आणि कोंबड्या, मागे घर आणि झाडं, असं त्याचं वर्णन त्या निकालात आहे. नोंदणीची तारीखही दिली आहे: 7 डिसेंबर 1942.

म्हणजे बिस्किट 1942 मध्ये आलं का? नाही. आपल्याकडे ट्रेडमार्कचा पहिला कायदा 1940 चा, आणि तो अमलात आला 1 जून 1942 ला. त्याआधी अशी नोंदवहीच नव्हती. कायदा लागू झाला तसे वर्षानुवर्षं माल विकणारे व्यापारी नोंदणीसाठी पुढे आले, त्यामुळे 1942-43 च्या तारखा माल किती जुना आहे हे सांगत नाहीत. शिवाय नोंदणीची तारीख म्हणून धरली जाते ती अर्जाची. तेव्हा 7 डिसेंबरवरून ठामपणे एवढंच म्हणता येतं, की त्या दिवसापर्यंत ते चित्र ठरलेलं होतं.

आजच्या ऑनलाइन नोंदवहीत आणखी एक रकाना असतो: चिन्ह कधीपासून वापरात आहे. तो अर्जदाराच्या शब्दावर भरलेला असतो. तिथे 1 जानेवारी किंवा 1 एप्रिल अशी गोल तारीख दिसली की मी सावध होतो. माल नेमका त्याच दिवशी दुकानात आला असेल, असं सहसा घडत नाही. जितका जुना वापर दाखवाल तितका हक्क भक्कम, त्यामुळे तारीख मागे ओढण्याचा मोह असतोच.

मग उरतात वर्तमानपत्रं. तिथे पहिली जाहिरात सापडली म्हणून थांबू नये. त्याच कंपनीच्या आधीच्या जाहिरातीही बघाव्यात. एका वर्षीच्या जाहिरातीत फक्त गोळ्यांची नावं असतील आणि पुढच्या वर्षी बिस्किटं आली असतील, तर या दोन अंकांमधला काळ आपल्या हाती येतो. एकट्या जाहिरातीपेक्षा अशी जोडी मला जास्त भरवशाची वाटते. पण युद्धकाळात कागदाच्या टंचाईने अंकांची पानं घटली होती, त्यामुळे त्या वर्षांत जाहिरात न दिसणं हा पुरावा धरता येत नाही.

विडीच्या लेबलांच्या बाबतीत मला पत्त्याची मोठी मदत होते. गोंदिया 1950 पर्यंत मध्यप्रांतात होतं, म्हणून ‘सी. पी.’. त्यानंतर मध्यप्रदेश, 1 नोव्हेंबर 1956 पासून मुंबई राज्य, 1960 पासून महाराष्ट्र. जिल्हा भंडारा, तो 1 मे 1999 पर्यंत. पिनकोड छापलेला असेल तर लेबल 15 ऑगस्ट 1972 च्या आधीचं नाही. ‘सी. पी.’ आणि ट्रेडमार्क नोंदणी क्रमांक दोन्ही एकाच लेबलावर असतील, तर ते जून 1942 नंतरचं. नुसतं ‘रजिस्टर्ड’ लिहिलेलं असेल तर मात्र थांबावं लागतं, कारण 1942 च्या आधीही व्यापारी आपल्या चिन्हाचं प्रतिज्ञापत्र दस्त नोंदणी कार्यालयात नोंदवत आणि तोच शब्द छापत.

इथे दोन टोकांचं वजन सारखं नसतं. नवी गोष्ट तिच्या जन्माआधी छापली जाऊ शकत नाही, म्हणून खालची मर्यादा पक्की असते. जुना पत्ता मात्र छापखान्यातला ब्लॉक झिजेपर्यंत चालू राहतो. त्यामुळे नोंदणी क्रमांक असलेल्या लेबलावर ‘सी. पी.’ वाचून ‘1950 च्या आधीचं’ असं मी लिहीत नाही. ‘जून 1942 नंतरचं’ एवढंच लिहितो, आणि वरची मर्यादा जाहिरातीतून मिळेपर्यंत ती जागा मोकळी ठेवतो.