पार्सल निघालं कुठून?

रमजानचा शेवटचा अशरा सुरू झाला की आमच्या घरी ईदच्या भेटवस्तूंची गडबड उडते. गेल्या वर्षी हैदराबादला दिलेल्या बहिणीनं सासूबाईंसाठी ऑनलाइन ‘सोलापुरी चादर’ मागवली. पैसे पार्सल आल्यावर द्यायचे होते. दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला, “भाईजान, चादर सोलापुरी, पण पार्सल पानिपतहून निघालंय!”

पानिपतचा माल वाईट असतो असं नाही. तेही कापडाचं मोठं गाव आहे. पण सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे. ते नाव सोलापूर भागात विणलेल्या चादरीचं, दुसऱ्या गावच्या मालावर ते लावता येत नाही.

तरी पार्सलची पहिली नोंद हा फक्त संशय असतो. मोठे विक्रेते आपला माल बाजारपेठ कंपनीच्या परराज्यातल्या गोदामात ठेवतात आणि पार्सल तिथूनच निघतं. म्हणून मी तिला वस्तूच्या पानावर विक्रेत्याच्या नावावर बोट ठेवायला सांगितलं. 2020 च्या ई-कॉमर्स नियमांनुसार विक्रेत्याचं नाव-पत्ता तिथे द्यावाच लागतो. काही वेळा जीएसटी क्रमांकही असतो.

या पंधरा अक्षरी क्रमांकाचे पहिले दोन आकडे राज्याचे. महाराष्ट्राचा 27, हरियाणाचा 06. पुढची दहा अक्षरं म्हणजे मालकाचा पॅन. बहिणीच्या विक्रेत्याचा क्रमांक 06 नं सुरू होत होता. पण परराज्यात गोदाम असलेल्या सोलापूरकराकडेही तिथला वेगळा क्रमांक असू शकतो. तेव्हा gst.gov.in वर पॅनवरून शोध घेतला. त्या पॅनवर एकच नोंदणी निघाली, तीही हरियाणाची. सोलापूरशी संबंध फक्त जाहिरातीतला! बहिणीनं पार्सल न फोडता दारातूनच परत पाठवलं.

दुसऱ्या विक्रेत्याकडून मागवलेली चादर भिवंडीहून निघाली. बहीण पुन्हा धास्तावली. इथे मात्र क्रमांक 27 चा होता आणि जीएसटीच्या संकेतस्थळावर व्यवसायाचा मुख्य पत्ता सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतला होता. नोंदणी चालू होती, नावही जुळत होतं. भिवंडी हे फक्त गोदाम. पहिल्या नोंदीवरच निकाल दिला असता, तर आपल्याच गावच्या कारखानदाराचा माल आपण परत पाठवला असता.

एवढं करूनही चादर इथेच विणली, हे सिद्ध होत नाही. सोलापुरात दुकान थाटून बाहेरचा माल विकणाराही या चाळणीतून निसटेल. विक्रेता सांगतो त्या गावचा आहे का, एवढंच यातून कळतं. विणीची खात्री चादर हातात आल्यावरच. सासूबाईंनी ती उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाल्या, “हां, ये सोलापूर की है.”