एकट्यानं चिकन सोडून काय होणार?

अमेरिकेतले तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक मायकल ह्यूमर यांनी २०१९ मध्ये मांसाहाराच्या नैतिकतेवर ‘डायलॉग्ज ऑन एथिकल व्हेजिटेरियनिझम’ हे छोटेखानी पुस्तक लिहिलं. ते सगळं कॉलेजात तत्त्वज्ञान शिकणाऱ्या दोन मित्रांच्या गप्पांमधून उलगडतं. ‘एम’ मांस खाणारा, ‘व्ही’ शाकाहारी. कोंबडी आणि माणूस सारखेच, असं व्ही म्हणत नाही. आपल्या थोड्याशा चवीसाठी दुसऱ्या जिवाला अतोनात यातना देणं चूक, एवढंच त्याचं म्हणणं. त्याचा मुख्य रोख आहे तो प्राण्यांना कोंडून, कारखान्यासारखं वाढवणाऱ्या उद्योगावर.

अशा वादात एक आक्षेप हमखास येतो आणि मला तोच सर्वांत महत्त्वाचा वाटतो. कोंबडी तर आधीच मेलेली आहे. मी एकट्यानं खाल्लं नाही म्हणून त्या अवाढव्य धंद्याला काय फरक पडणार?

याचं उत्तर पीटर सिंगर यांनी १९८० मध्येच दिलं होतं. ते असं समजून घेता येईल. समजा, एक दुकानदार १०० कोंबड्यांच्या पटीतच माल मागवतो. ९९ गिऱ्हाइकांनी चिकन सोडलं तरी त्याची मागणी तेवढीच राहते. शंभरावं गिऱ्हाईक तुटलं की मात्र ती एकदम १००ने घटते. ते शंभरावे आपणच आहोत का, हे कुणालाच कळत नाही. पण शंभरात एक शक्यता आणि शंभर कोंबड्यांचा फरक, म्हणजे सरासरीनं माणशी एक कोंबडी झालीच.

हिशोब बिनतोड वाटतो, पण त्यातही एक फट आहे. सुपरमार्केटच्या लांबलचक साखळीत बराच माल वाया जातो. मागणीतली छोटी घट त्या नासाडीतच जिरून जाऊ शकते, वरपर्यंत पोचतच नाही. तसं झालं तर शक्यता शंभरात एकपेक्षा पुष्कळ कमी भरते. मांस खाणाऱ्याच्या बाजूनं मला हाच युक्तिवाद सर्वांत भक्कम वाटतो.

मात्र तो महाराष्ट्रातल्या गल्लीबोळातल्या चिकनच्या दुकानापर्यंत आणला की लटका पडतो. तिथे गिऱ्हाईक बोट दाखवतं, दुकानदार पिंजऱ्यातून जिवंत कोंबडी काढून काट्यावर धरतो आणि मगच कापतो. मधे ना गोदाम, ना शिळा माल. आपण घेतली नाही तर ती दुसरा कुणी नेईल हे खरं, पण संध्याकाळी पिंजऱ्यात एक जास्त उरेल आणि उद्याचा माल सांगताना दुकानदार आधी पिंजऱ्याकडेच बघेल.

परसात मोकळी चरणारी गावठी कोंबडी मारणंही चूक का, हे मात्र या हिशोबातून ठरत नाही. तिथे यातनांचा मुद्दा पुष्कळसा मागे पडतो आणि उरतो तो जीव घेण्याचा, आणि त्यावर दोन मित्रांना पुन्हा पहिल्यापासून भांडावं लागेल.