परिपाठातली एक मिनिटाची सूचना

पसायदान संपलेले असते, मुले विश्राममध्ये उभी असतात आणि बाई सूचना वही उघडून वाचतात : “सर्व विद्यार्थ्यांना सूचित करण्यात येते की, आज पालक सभेचे आयोजन करण्यात आले असल्याने सातवी व आठवी तासिका होणार नाही, तसेच इयत्ता दहावीचे प्रात्यक्षिक सातव्या तासिकेऐवजी पहिल्या तासिकेस घेण्यात येईल व एसटीने जाणाऱ्या विद्यार्थ्यांनी शाळा सुटल्यावर शाळेतच थांबावे.”

कागदावर यात काही चूक नाही. मैदानावर मात्र सातवीच्या मुलांना एवढेच कळते की आज ‘सातवी’चे काहीतरी होणार आहे. ते ‘नाही’ येईपर्यंत रांगेत कुजबुज सुरू झालेली असते. आपल्या भाषेत क्रियापद आणि नकार शेवटी येतो, त्यामुळे लांब वाक्यात सगळा अर्थ शेवटच्या शब्दावर टांगलेला राहतो. वाचणारा डोळा मागे फिरवून पुन्हा पाहतो, ऐकणाऱ्याला ती सोय नाही. म्हणून बोलायच्या सूचनेत ‘सातवा-आठवा तास होणार नाही’ म्हणू नये. ‘आज सहाच तास होतील’ म्हणावे. इयत्ता सातवी की तासिका सातवी, हा घोळही त्याबरोबर मिटतो.

वेळेच्या शब्दांचेही असेच. सव्वातीन आणि साडेतीन यांचा पुढचा भाग सारखाच, आणि वेगळा असलेला पहिला भागच कर्ण्यात हरवतो. आवाज सेकंदाला सुमारे 340 मीटर जातो. मैदानाच्या दोन टोकांना कर्णे असतील, तर लांबच्या कर्ण्याचा आवाज क्षणभर उशिरा पोहोचतो आणि अक्षरे एकमेकांवर चढतात. शिवाय मुलांचा दिवस घड्याळावर नाही, घंटेवर चालतो. ‘मोठ्या सुट्टीनंतर दोन तास’ हे पाचवीच्या मुलालाही दुपारपर्यंत लक्षात राहते. ‘तीन वाजून दहा मिनिटे’ राहत नाही.

किती गोष्टी सांगायच्या? 1956 मध्ये जॉर्ज मिलर या मानसशास्त्रज्ञाने तात्पुरत्या स्मृतीची मर्यादा सातच्या आसपास मांडली. 2001 मध्ये नेल्सन कोवान यांनी ती चारवर आणली, आणि तीही मोठ्या माणसांची. उन्हात उभ्या असलेल्या पोरांसाठी तीन पुरे.

आता क्रम. ज्यांना लगेच हालचाल करायची आहे ते पहिले, म्हणजे दहावी. लवकर सुटण्याची बातमी सगळ्यात शेवटी, कारण त्यानंतर जो ओरडा होतो त्यात पुढचे काहीच ऐकू येत नाही. एसटीच्या मुलांचा निरोप म्हणून त्याच्या आधी उरकायचा. कारण सांगायचे तर तीन शब्दांत. ‘आयोजन करण्यात आले असल्याने’ हे माईकपुढे म्हणणाऱ्यांना एकदा शेवटच्या रांगेत उभे करावे असे मला वाटते. तीच सूचना आता अशी होते :

“मुलांनो, आज वेळापत्रक बदललं आहे. नीट ऐका.

दहावीची मुलं. तुम्ही इथून थेट प्रयोगशाळेत जा. तुमचं प्रात्यक्षिक आत्ता आहे.

एसटीची मुलं. शाळा सुटल्यावर तुम्ही ग्रंथालयात बसा. एसटी रोजच्याच वेळेला येईल.

आता सगळे. आज पालक सभा आहे. मोठ्या सुट्टीनंतर दोनच तास होतील. मग शाळा सुटेल.

पुन्हा सांगते. दहावी, प्रयोगशाळा. एसटीची मुलं, ग्रंथालय. सगळ्यांना मोठ्या सुट्टीनंतर दोन तास.”

प्रत्येक परिच्छेदाआधी ज्यांना सांगायचे त्यांना हाक आहे आणि हाकेनंतर एक श्वास थांबायचे आहे. तेवढ्यात दहावीची मुले कान टवकारतात, बाकीच्यांना सोडून देता येते. पुन्हा सांगताना शब्द तेच ठेवायचे. आधी तास, मग तासिका, मग पिरियड असे केले, तर मुलांना ती नवी सूचना वाटते. सावकाश वाचूनही हे सगळे मिनिटभरात संपते.

सूचना पोहोचली का, हे ‘समजलं का?’ विचारून कळत नाही. त्याला सगळी शाळा एका सुरात ‘हो’ म्हणते. मागच्या रांगेतल्या एखाद्या लहान मुलाला ‘आज मोठ्या सुट्टीनंतर किती तास?’ असे विचारावे. तो शेजाऱ्याकडे पाहू लागला, तर मुले वर्गात जाण्याआधीच पुन्हा सांगावे.

उशिरा आलेली मुले, रिक्षावाले काका आणि शाळा सुटायच्या वेळी फाटकाशी येणारे आजी-आजोबा यातले काहीच ऐकत नाहीत. त्यांच्यासाठी सूचना वही वर्गावर्गांत फिरवावी लागते, फळ्याच्या कोपऱ्यात ‘आज 6 तास’ लिहावे लागते आणि रिक्षावाल्यांना आदल्या दिवशीच फोन करावा लागतो.