‘रोज’ की ‘रोजचा’? : एव्हरी डे, सम टाइम, इन टू आणि मे बी कधी तोडायचे, कधी जोडायचे

मागच्या व्हिडिओत आपण गिऱ्हाइकाला इंग्रजीत मेसेज कसा पाठवायचा ते बघितलं. त्यानंतर लातूरच्या बॅचमधल्या एका पोरानं मला त्याचा एक मेसेज दाखवला. घरची डाळ मिल आहे. बाहेरच्या राज्यातल्या एका व्यापाऱ्यानं तूरडाळीचा भाव विचारला होता, त्याला यानं हे उत्तर पाठवलं होतं. इंग्रजी वाक्यं मी मुद्दाम देवनागरीत लिहितोय. तुम्ही फक्त शब्दांमधल्या जागेकडे बघा:

“वुई डू लोडिंग एव्हरीडे. ट्रक मेबी लेट. आय विल सेंड न्यू रेट समटाइम. युवर मॅन कॅन कम इनटू सी द गुड्स.”

चार वाक्यं आणि चारही ठिकाणी चूक एकच, तोडायचा शब्द जोडलेला. व्यापाऱ्याचं पुन्हा उत्तर आलं नाही. पोरगा मला म्हणाला, “सर, एका स्पेसनी काय बिघडतंय? समोरच्याला कळतंच की.” मीही म्हणणार नाही की ऑर्डर स्पेसमुळे गेली. भाव पटला नसेल, दुसरीकडं माल मिळाला असेल. पण या चारपैकी एका वाक्यात स्पेसनं अर्थच बदलला होता, आणि तेच वाक्य नेमकं भावाचं होतं. त्याच्याकडं येतोच. आधी सोपं घेऊ.

मोबाईल ही चूक का पकडत नाही? कारण ‘एव्हरीडे’ हा जोडलेला शब्दही इंग्रजीत बरोबरच आहे. ‘मेबी’, ‘समटाइम’, ‘इनटू’ हेही बरोबर आहेत. लाल रेघ शब्द चुकला की येते. इथे शब्द बरोबर असतो, जागा चुकलेली असते. कानावर विसंबून राहावं तर बोलताना आपण सगळं एका दमात म्हणतो, त्यामुळे कानही मदत करत नाही. मदत करते ती आपली मराठी, कारण इंग्रजी जो फरक नुसत्या जागेनं दाखवते तो मराठी प्रत्यय लावून किंवा वेगळा शब्द वापरून दाखवते.

‘एव्हरी डे’ घ्या. मनातल्या मनात वाक्य मराठीत म्हणा. ‘रोज’ आलं तर दोन शब्द, ‘रोजचा, रोजची, रोजचं’ आलं तर एक शब्द. “आम्ही रोज लोडिंग करतो” म्हणजे ‘एव्हरी डे’, तोडून. “रोजच्या वापराची भांडी” म्हणजे ‘एव्हरीडे यूज’, जोडून. चहाच्या टपरीवर दूध पावडरीचं पाकीट असतं ना, नेस्लेचं ‘एव्हरीडे’? ते नाव एका शब्दात आहे ते योग्यच आहे, रोजच्या चहाची पावडर. (सेल बनवणारी एव्हरेडी वेगळी, तिची सरमिसळ करू नका.) वॉलमार्टच्या धंद्याबरोबर ज्याचं नाव घेतलं जातं ते ‘एव्हरीडे लो प्राइस’ हेही असंच, ‘रोजचा कमी भाव’. पण दुकानाच्या काचेवर ‘ओपन एव्हरीडे’ लिहिलं तर ते ‘रोजचं उघडं’ असं होतं. तिथे ‘रोज उघडं’ म्हणायचंय, म्हणून ‘ओपन एव्हरी डे’.

अजून शंका राहिली तर मध्ये ‘सिंगल’ घालून बघा. ‘ओपन एव्हरी सिंगल डे’ चालतं, म्हणजे तिथे दोन शब्द आहेत. ‘एव्हरी सिंगल डे यूजची भांडी’ असं कुणी म्हणत नाही, म्हणजे तो एक शब्द.

या मराठी कसोटीला एक अपवाद आहे. ‘रोजच्या रोज ताजा माल’ यात ‘च्या’ आहे, तरी अर्थ ‘रोज’ असाच आहे. म्हणून ‘फ्रेश स्टॉक एव्हरी डे’, तोडूनच. प्रत्यय नुसता दिसून भागत नाही. तो शब्द पुढच्या वस्तूला चिकटतोय की कामाला, ते बघायचं. ‘रोजची भांडी’मध्ये तो भांड्यांना चिकटतो. ‘रोजच्या रोज येतो’मध्ये येण्याला.

बोर्डाचा विषय निघालाच आहे तर सांगतो. लातूरला गंजगोलाईला चक्कर मारा, सोळा रस्ते येऊन मिळतात तिथे. नाहीतर नांदेडला गुरुद्वाऱ्याकडं जाणाऱ्या रस्त्यानं जा, तिथे पंजाबातून आलेल्या यात्रेकरूंसाठी लॉजवाले, हॉटेलवाले इंग्रजी पाट्या लावतात. अशा पाट्यांवर ही चूक बऱ्याचदा पेंटरची किंवा डिझाइनवाल्याची असते. रुंदी कमी पडली की तो पहिली काट जागेवर मारतो. तेव्हा प्रूफ आलं की स्पेलिंगसोबत जागाही तपासा. फ्लेक्स छापून आल्यावर खर्च तुमचाच आहे.

आता ‘मे बी’. याची कसोटी ‘कदाचित’. “कदाचित ट्रक उद्या येईल” यात ‘कदाचित’ काढून टाकलं तरी “ट्रक उद्या येईल” हे वाक्य उभं राहतं. तसा ‘मेबी’ हा सुटा निघणारा शब्द आहे, म्हणून जोडून. पण “ट्रकला उशीर होऊ शकतो” यातलं ‘होऊ शकतो’ काढलं तर वाक्याचं क्रियापदच जातं. ‘द ट्रक मे बी लेट’ यात ‘मे बी’ हेच क्रियापद आहे, म्हणून दोन शब्द.

कोटेशनच्या तळाला ही चूक नडते. “रेट्स मेबी चेंज्ड विदाउट नोटीस” अशी ओळ कितीतरी कोटेशनवर असते. यातून ‘कदाचित’ काढा. उरतं “रेट्स चेंज्ड विदाउट नोटीस”. म्हणजे भाव न सांगता बदलले, असं झालं! तुम्हाला म्हणायचं होतं ‘बदलले जाऊ शकतात’, म्हणून ‘मे बी चेंज्ड’. वाचणारा अंदाजानं समजून घेतो हे खरं, पण ज्या कागदावर तुम्ही पैशाचा शब्द देताय तिथे अंदाजावर कशाला सोडायचं?

आणि आता ते भावाचं वाक्य. इथे मी जरा थांबणार आहे, कारण इथे दोन नाही, तीन रूपं आहेत, आणि तिन्हींना मराठीत वेगळे शब्द आहेत.

‘समटाइम्स’, शेवटी ‘स’ आणि जोडून, म्हणजे कधीकधी. “कधीकधी रविवारीही लोडिंग होतं.” ‘समटाइम’, ‘स’ नाही पण जोडून, म्हणजे कधीतरी. “पुढच्या आठवड्यात कधीतरी या.” ‘सम टाइम’, तोडून, म्हणजे थोडा वेळ, काही काळ. “माल तपासायला थोडा वेळ लागेल.” इथे मध्ये ‘मोर’ घालून बघता येतं. ‘सम मोर टाइम’ म्हणजे अजून थोडा वेळ, चाललं, म्हणून दोन शब्द.

आता पोराचं वाक्य पुन्हा वाचा: “आय विल सेंड न्यू रेट समटाइम.” त्याला म्हणायचं होतं “थोड्या वेळात नवा भाव पाठवतो”. त्यानं लिहिलं “नवा भाव पाठवीन कधीतरी”. तुम्ही खरेदीदार असाल, तीन मिलवाल्यांना भाव विचारलाय, दोघांनी आकडा दिला आणि तिसरा म्हणतो ‘पाठवीन कधीतरी’, तर तुम्ही थांबाल का?

हे दोन ठिकाणी चुकलं. जागा गेली आणि तिच्यासोबत ‘इन’ही गेला. ‘थोड्या वेळात’ मधला जो ‘त’ आहे ना, तो इंग्रजीत ‘इन’ होऊन पुढे बसतो: ‘इन सम टाइम’. तो ‘इन’ लिहिला असता तर जागा चुकली तरी अर्थ वाचला असता. म्हणून ‘थोड्या वेळात’ म्हणायचं असेल तेव्हा आधी ‘इन’ लिहा, पुढचे दोन शब्द आपसूक सुटे पडतात. आणि खरं विचाराल तर भावाच्या मेसेजमध्ये मी ‘इन सम टाइम’ही लिहिणार नाही. ‘आज चारपर्यंत’ असं घड्याळ लिहीन. तूर बाजारात सकाळचा भाव दुपारी राहील याची खात्री नसते, समोरच्यालाही ते माहीत असतं.

‘सम टाइम्स’ असं तोडून, ‘स’ लावून क्वचितच लागतं. लॉजवाल्यांना, दवाखान्यांना लागतं: काही वेळा, म्हणजे काही ठरावीक टाइमिंग, भरलेल्या आहेत. एरवी ‘कधीकधी’ असेल तर जोडूनच.

राहिलं ‘इनटू’. इथे ‘आत’ या शब्दावर जाऊ नका, तो दोन्हीकडं येतो. बघायचं ते ‘टू’ कुणाचं आहे. “हळद दळून पावडर केली”, हळकुंडाचं पावडरमध्ये रूपांतर झालं, तर ‘ग्राउंड इनटू पावडर’, जोडून. “पोती ट्रकमध्ये भरली”, तरी जोडून. पण “माल बघायला आत या” यात ‘आत’ हे ‘या’ला चिकटलंय, म्हणजे ‘कम इन’. आणि ‘टू’ पुढच्या ‘बघायला’चं आहे, म्हणजे ‘टू सी’. दोघांचा संसार वेगळा, म्हणून ‘कम इन टू सी’. मराठीत पुढे ‘-यला’ आला (बघायला, घ्यायला, भरायला) तर डोळे झाकून तोडा. दुसरं नेहमीचं ठिकाण लॉग इनचं. क्रियापद ‘लॉग इन’ आहे, म्हणून ‘लॉग इन टू द पोर्टल’.

हसू नका, आपल्या मराठीतही हाच घोळ आहे, फक्त उलट्या बाजूनं. ‘दुकाना समोर’, ‘मालका साठी’ असं तोडून लिहिलेल्या पाट्या बघा. ‘समोर’, ‘साठी’ हे शब्द आधीच्या शब्दाला जोडून लिहायचे असतात: ‘दुकानासमोर’, ‘मालकासाठी’. तिथे आपण तोडतो आणि इंग्रजीत जोडतो.

कुणीतरी विचारेलच की सगळे चुकतात तर उद्या हेच बरोबर होणार नाही का? होऊही शकतं. ‘टुडे’ हा शब्द शंभरेक वर्षांपूर्वीपर्यंत मधे रेघ देऊन ‘टु-डे’ असा छापत. पण ‘रोज’ या अर्थाचा ‘एव्हरी डे’ आजही दोन शब्दांतच बरोबर धरतात, आणि तुमचं कोटेशन आज जाणार आहे.

पोरानं तो मेसेज तिथेच बसून पुन्हा लिहिला. रविवारी मिल बंद असते हे त्याला तेव्हा आठवलं, म्हणजे ‘रोज’ हेही पूर्ण खरं नव्हतं. नवा मेसेज असा झाला:

“वुई लोड एव्हरी डे एक्सेप्ट संडे. द ट्रक मे बी लेट बाय वन डे. आय विल सेंड द न्यू रेट बाय फोर पी.एम. टुडे. युवर मॅन कॅन कम इन टू सी द गुड्स एनी टाइम बिफोर सिक्स.”

‘एनी टाइम’ इथे तोडलाय. त्यावरही बॅचमध्ये अर्धा तास गेला. अमेरिकेत तो या अर्थानं जोडूनही लिहितात, पण मागे ‘अ‍ॅट’ आला तर तोडायचाच. त्याचा व्हिडिओ वेगळा करतो.