पिन टाकला की पैसे जातात, हे चित्रात कसं काढलं



संस्थेच्या भिंतीवर लावलेला मोबाईल पेमेंटचा तक्ता कसा झाला, ते बऱ्याच जणांनी विचारलं. तुमच्या ओळखीत कुणी पहिल्यांदाच स्मार्टफोन घेतला असेल, तर असा तक्ता घरीही काढता येतो.

विषय आम्ही एकच घेतला. बाहेरगावचा व्यापारी फोन करतो, "दोन क्रेट कतला पाहिजे, अॅडव्हान्स पाठवतो, हा क्यूआर कोड स्कॅन करा आणि पिन टाका." खरं म्हणजे यूपीआय पिन लागतो तो आपल्या खात्यातून पैसे पाठवायला किंवा शिल्लक बघायला. पैसे घ्यायला पिनही लागत नाही, स्कॅनही नाही.

चित्रं आयसोमेट्रिक, म्हणजे कोपऱ्यातून थोडं वरून पाहिल्यासारखी. उभ्या रेषा उभ्याच, आडव्या दोन्ही बाजूंना 30 अंशात. भूमितीच्या पेटीतला 30-60चा गुण्या पुरतो. यात लांबची वस्तू लहान होत नाही, म्हणून व्यापाऱ्याचा आणि आपला फोन सारखाच दिसतो. क्रेट, गल्ला, फोन खऱ्या वस्तूंसारखे भरीव दिसतात, आणि वाचता न येणाऱ्यालाही ओळखू येतात.

पहिला तक्ता मात्र फसला. मासळी विकायला बसणाऱ्या आमच्या एका काकूंना दाखवला. फोनवर तिरपे काढलेले आकडे बघून त्या म्हणाल्या, "हे काय, फरशा आहेत का?" मग फोन तिरपाच ठेवला, पण आकड्यांची पाटी बाहेर काढून समोरून सरळ काढली. नोट फोनच्या वर काढली होती, ती मागे पडल्यासारखी वाटायची. अशा चित्रात वर आणि मागे यांचा घोळ होतोच. फोनवर तिची सावली टाकली, तेव्हा कळलं.

सगळ्यात मोठी चूक बाणाची. व्यापाऱ्याकडून आपल्याकडे बाण काढून त्यावर लाल फुली मारली होती. काकूंनी फुली सोडून बाणच वाचला, "पैसे आले." नाही म्हणणं चित्रात फार अवघड, बरं का! शेवटी फुली काढून टाकली आणि जे घडतं तेच दाखवलं. पहिल्या चौकटीत आपला गल्ला भरलेला, दुसऱ्यात बोट पिनच्या आकड्यांवर, तिसऱ्यात गल्ला रिकामा आणि नोटा व्यापाऱ्याकडे. क्रेट तिन्ही चौकटींत त्याच जागी.

तपासताना "समजलं का" असं विचारू नका, सगळे हो म्हणतात. "आता पैसे कुणाकडे आहेत?" असं विचारा.

खाली 1930 हा आकडा मोठा लिहिलाय. पैसे गेलेच तर लगेच तिथे फोन लावायचा, आणि बँकेलाही कळवायचं. उशीर झाला की पैसे पुढच्या खात्यात सरकतात, मग अडवणं कठीण होतं.

तक्त्याचा फोटो सोबत टाकलाय.

— सचिव