फोटोतला गोल्डफिश : पर आणि रंग काय सांगतात

माशाच्या तब्येतीतला बिघाड बऱ्याचदा आधी परांवर दिसतो. पर म्हणजे बारीक काड्यांच्या आधारावर ताणलेला पातळ पडदा. त्यात बारीक रक्तवाहिन्या असतात आणि त्याच्या दोन्ही बाजूंना पाणी असते. पाणी बिघडले, जंतूंची वाढ झाली किंवा मासा ताणाखाली आला, की या पडद्याचा आकार, कड आणि रंग बदलतो. हे बदल डोळ्यांना दिसतात, म्हणून चांगल्या फोटोतही उतरतात. घरोघरी पाळल्या जाणाऱ्या गोल्डफिशच्या बाबतीत हे वाचन विशेष सोपे असते, कारण त्याचे पर मोठे व बरेचसे पारदर्शक असतात आणि रंग उजळ असतो.

फोटो मात्र वाचण्याजोगा हवा. टाकीची काच आतून-बाहेरून पुसलेली असावी आणि कॅमेरा काचेला सरळ समोर धरावा. तिरक्या कोनातून आणि गोल भांड्यातून माशाचा आकार वेडावाकडा दिसतो. फ्लॅश बंद ठेवावा, कारण खवल्यांवरून परतणारी चमक डागांसारखी भासते. टाकीचा निळा किंवा गुलाबी दिवा लावला असेल तर माशाचे रंग बदललेले दिसतात. म्हणून साधा पांढरा प्रकाश वापरावा आणि काचेला पांढऱ्या कागदाचा एक तुकडा चिकटवून तो चौकटीत येऊ द्यावा. कागद फोटोत पिवळट दिसला तर माशाचा पिवळेपणाही प्रकाशाचाच आहे हे कळते. एक फोटो बाजूने आणि एक वरून असावा. बाजूने पर दिसतात, वरून पोटाची फुगवट आणि खवल्यांची ठेवण दिसते.

वाचनाची सुरुवात पर कसे धरले आहेत येथून करावी. निरोगी गोल्डफिशचा पाठीवरचा पर उभा असतो आणि शेपटी पसरलेली असते. पाठीचा पर आडवा पडलेला, शेपटी मिटलेली आणि छातीचे पर अंगाला चिकटलेले असतील तर मासा ताणात आहे. ही खूण खरी असली तरी तिच्यावरून कारण कळत नाही. पाण्यातला अमोनिया, क्लोरीन, तापमानातला अचानक बदल, अंगावरचे परजीवी यांपैकी कशानेही पर मिटतात. शिवाय विश्रांती घेणारा किंवा नुकताच घाबरलेला मासाही क्षणभर पर मिटतो, आणि फोटो नेमका त्याच क्षणाचा असू शकतो. म्हणून थोड्या थोड्या अंतराने काढलेले तीन-चार फोटो पाहावेत. सगळ्यांत पर मिटलेले असतील तरच त्या खुणेला अर्थ द्यावा. रायुकिन किंवा फँटेलसारख्या जातींची शेपटी मुळातच लोंबती असते, तर रांचू जातीला पाठीवर परच नसतो, हेही लक्षात ठेवावे.

पराच्या कडेवरून अधिक नेमके कळते. टोकदार शोभेच्या वस्तूला घासून किंवा दुसऱ्या माशाने चावून पर फाटला, तर चीर काड्यांच्या दिशेने सरळ जाते आणि तिच्या कडा बाकी परासारख्याच रंगाच्या राहतात. पर कुजत असेल तर कड झिजलेली व दातेरी दिसते आणि तिच्यावर पांढुरकी किंवा लालसर किनार येते. पडदा आधी झिजतो आणि काड्यांची टोके उघडी पडतात. ही झीज कडेकडून बुंध्याकडे सरकते. काही दिवसांनी काढलेल्या दोन फोटोंत बुंध्यापासून कडेपर्यंतचे अंतर कमी झालेले दिसले, तर कूज चालू आहे. ती बुंध्यापर्यंत पोहोचली तर पर पुन्हा पूर्ण वाढण्याची शक्यता कमी होते, म्हणून हे अंतर महत्त्वाचे.

बरे होणाऱ्या पराच्या कडेलाही फिकी पट्टी दिसते आणि तिथे गोंधळ होतो. नवा वाढणारा पडदा आधी रंगहीन असतो, रंग नंतर भरतो. नवी वाढ काचेसारखी पारदर्शक आणि एकसलग असते. तिच्यातून मागची वाळू दिसते. कुजणारी किनार अपारदर्शक, दुधाळ आणि तुटक असते. फोटो मोठा करून मागची वस्तू त्या पट्टीतून दिसते का एवढे पाहिले तरी बहुतेक वेळा उलगडा होतो.

परांतल्या लाल रेषा तिसऱ्या प्रकारच्या. पांढऱ्या किंवा फिक्या परांत काड्यांच्या बाजूने जाणाऱ्या बारीक, सारख्या रक्तवाहिन्या निरोगी माशातही दिसतात. त्या ठळक होऊन फाटे फुटल्यासारख्या पसरल्या, किंवा पराच्या बुंध्याशी लाल ठिपके आले, तर अमोनिया-नायट्राइटचा दाह किंवा रक्तात पोहोचलेला जिवाणूसंसर्ग असू शकतो. त्याबरोबर अंगावर लाल चट्टे किंवा उघडे व्रण असतील तर संसर्गाची शंका बळावते.

रंगाचे वाचन अधिक सावधपणे करावे लागते, कारण गोल्डफिशचा रंग आजाराशिवायही बदलतो. पिल्ले जन्मतः मातकट-तपकिरी असतात. पुढे काही महिन्यांत काळ्या रंगद्रव्याच्या पेशी नाहीशा होत जातात आणि नारिंगी उघडा पडतो. काही मासे पुढे पांढरेही होतात. ब्लॅक मूर वयानुसार तांबूस होताना अनेकदा दिसतो. नारिंगी रंगासाठी लागणारी कॅरोटिनॉइड द्रव्ये मासा स्वतः तयार करू शकत नाही, ती खाद्यातून मिळावी लागतात. खाद्य निकृष्ट असेल किंवा टाकी सतत अंधारात असेल तर रंग हळूहळू उतरतो. रात्रभर अंधारात राहिलेला मासा सकाळी फिका दिसतो आणि काही वेळाने पूर्ववत होतो. कॅलिको जातीच्या काही माशांचे कल्ल्यांवरचे झाकण अर्धपारदर्शक असते आणि आतला गुलाबी रंग बाहेर दिसतो; तो दाह नव्हे. थोडक्यात, महिन्यांच्या गतीने आणि सर्वांगावर होणारा बदल बहुधा निरुपद्रवी असतो. दिवसांच्या गतीने आणि ठराविक जागी होणारा बदल तपासावा.

पांढरे ठिपके ओळखताना जागा आणि मांडणी पाहावी. इक या परजीवीचे ठिपके मिठाच्या कणाएवढे, सुटे आणि अंगावर व परांवर कुठेही विखुरलेले असतात. दिवसागणिक त्यांची संख्या बदलते. विणीच्या काळात नर गोल्डफिशच्या कल्ल्यांच्या झाकणावर आणि छातीच्या पराच्या पुढच्या काडीवरही पांढरे कण उठतात. ते त्या दोन जागांपुरते असतात, ओळीने असतात आणि नर धडधाकट असतो. हा फरक न कळल्याने निरोगी नरांवर औषधाचा मारा होतो. अंगातून बाहेर आलेला पांढरा तंतूंचा पुंजका बुरशीचा असतो, तर तोंडाभोवतीचा किंवा पाठीवरचा करडा-पांढरा, सपाट चट्टा बहुधा कॉलम्नॅरिस या जिवाणूचा. फोटोत हे दोन्ही सारखे भासतात, म्हणून तिथे नुसत्या फोटोवर औषध ठरवू नये.

एक नमुन्याचे प्रकरण क्रमाने पाहता येते. साठ लिटरच्या नव्या टाकीत दोन लहान गोल्डफिश सोडले आहेत असे समजू. दहाव्या दिवशीच्या फोटोंत पाठीचे पर पडलेले आहेत आणि शेपटीच्या फिक्या भागात लाल रेषा ठळक आहेत. परांच्या कडा अखंड आहेत, ठिपके नाहीत. म्हणजे कूज नाही, इक नाही. दोन्ही माशांना एकाच वेळी त्रास होत असल्याने संशय पाण्यावर जातो. नव्या टाकीत अमोनियाचे रूपांतर करणारे जिवाणू स्थिरावायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात, आणि गोल्डफिश कल्ल्यांतून सतत अमोनिया बाहेर टाकतो. टेस्ट किटने मोजल्यावर एकूण अमोनिया लिटरला २ मिलिग्रॅम आणि पीएच ८ आला असे धरू. पंचवीस अंश तापमानाला, पीएच ८ असताना त्यातला साधारण ५ टक्के भाग विषारी रूपात असतो, म्हणजे लिटरला सुमारे ०.१ मिलिग्रॅम. ही मात्रा माशाचे कल्ले आणि त्वचा जाळायला पुरेशी आहे. पीएच ७ असता तर हाच भाग सुमारे दहापटीने कमी असता. एकच आकडा एका घरी निभावतो आणि दुसऱ्या घरी मासा मारतो, याचे कारण हे.

उपाय पाण्याचाच. रोज एक तृतीयांश पाणी बदलायचे, नळाच्या पाण्यातले क्लोरीन अँटीक्लोरने घालवून मगच ते ओतायचे, तापमान टाकीएवढे ठेवायचे आणि खाद्य निम्म्याहून कमी करायचे. दोन आठवड्यांनंतरच्या फोटोत लाल रेषा मावळलेल्या, पर उभे, पण परांच्या कडा आणि कल्ल्यांजवळचा भाग धुरकट काळा झालेला दिसतो. घाबरून जावे असा हाच फोटो असतो, पण गोल्डफिशमध्ये अमोनियाने भाजलेली जागा भरून येताना काळे रंगद्रव्य गोळा होते. पर उभे असणे आणि अमोनिया शून्यावर येणे या दोन गोष्टी बरोबर असतील तर काळेपणा बरे होण्याची खूण असतो आणि तो काही आठवड्यांत ओसरतो. मात्र काळेपणा वाढत असताना किटमध्ये अमोनिया दिसत असेल तर भाजणे अजून चालू आहे. दहाव्या दिवसाचा फोटो हाताशी नसता, तर हे काळे डाग जन्मजात की नवे हेही सांगता आले नसते.

काही गोष्टी मात्र फोटोत येत नाहीत. कल्ले झाकणाखाली असतात. नायट्राइटने तपकिरी झालेले किंवा रक्ताअभावी फिके पडलेले कल्ले बाजूच्या फोटोत दिसत नाहीत. श्वासाची गती, काचेला वा दगडाला अंग घासणे, पृष्ठभागावर येऊन तोंड उघडणे यासाठी अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ लागतो. वरून काढलेल्या फोटोत पोट फुगून सगळे खवले उभे राहिलेले दिसले तर शरीरात पाणी साठले आहे. तोपर्यंत आतल्या अवयवांचे नुकसान बरेच झालेले असते. अंगावरचे सूक्ष्म परजीवी तर सूक्ष्मदर्शकाखालीच ओळखता येतात.

म्हणून फोटोचा उपयोग निदान करण्यापेक्षा पुढे काय तपासायचे हे ठरवण्यासाठी करावा. जाणकाराला किंवा पशुवैद्याला फोटो पाठवताना त्यासोबत टाकीचे लिटर, माशांची संख्या, टाकी किती आठवड्यांची आहे, अमोनिया, नायट्राइट व पीएचचे आकडे आणि मासा धडधाकट असतानाचा एक जुना फोटो द्यावा. पाणी मोजण्याआधी औषध टाकू नये.